मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरचा पुनर्वसन आराखडा: केस मांडताना विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची तयारी

फ्रॅक्चरनंतरच्या पुनर्वसनाची केस मांडताना बहुतेक विद्यार्थ्यांच्या स्लाइडवर ध्येयांच्या तीन ओळी असतात: वेदना कमी करणे, सांध्याची हालचाल वाढवणे, स्नायूंची ताकद वाढवणे. या ओळी चुकीच्या नाहीत. पण त्या घोट्याच्या फ्रॅक्चरलाही चालतात आणि खांद्याच्याही. समोर बसलेला परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो, आणि पुढची दहा मिनिटं त्याच प्रश्नाच्या वेगवेगळ्या रूपांत जातात. हा आकडा असा निघाला तर तू काय करशील? नाही निघाला तर काय करशील? मी जेव्हा केस ऐकायला बसते तेव्हा माझ्याही मनात एवढंच असतं. ज्या मोजमापाला पुढचा निर्णय जोडलेला नाही, ते मोजमाप आराखड्यात कशाला आहे, हे विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे.

हे नीट समजण्यासाठी एकच केस घेऊन शेवटपर्यंत जाऊ. मनगटाजवळ रेडियस हाड मोडणं, म्हणजे कोलीज फ्रॅक्चर, हे आपल्या ओपीडीत सतत येतं, आणि त्यात ध्येय, मोजमाप, रुग्णाचं सातत्य या तिन्ही गोष्टींची परीक्षा होते. खालची रुग्ण समजावण्यासाठी रचलेली आहे, पण तिचे आकडे अशा रुग्णांत नेहमी दिसतात तसेच ठेवले आहेत.

केस

वय ५८, गृहिणी, उजव्या हाताने कामं करणाऱ्या. मोरीत पाय घसरला, पडताना उजवा तळहात टेकला. ऑपरेशन न करता हाड बसवून कोपराखालचं प्लास्टर घातलं, ते सहा आठवडे होतं. प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या फिजिओथेरपीला आल्या. हात गळ्यातल्या झोळीत. घरी मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. सून नोकरी करते. स्वयंपाक एरवी या मावशीच करतात, आणि घरात रोज ज्वारीची भाकरी लागते. विश्रांतीत वेदना १० पैकी २, हालचाल करताना ६.

| मोजमाप | उजवा | डावा |
|---|---|---|
| मनगट मागे वळवणं (एक्स्टेन्शन) | २०° | ७०° |
| मनगट पुढे वाकवणं (फ्लेक्शन) | २५° | ७५° |
| तळहात वर करणं (सुपिनेशन) | ३५° | ८५° |
| तळहात खाली करणं (प्रोनेशन) | ६०° | ८०° |
| मूठ मिटताना बोटांची टोकं आणि तळहातातली बोटांजवळची आडवी रेषा यांतलं अंतर | २.५ सेंमी | ० |
| खांदा पुढून वर उचलणं | १४०° | १६५° |

हाताची सूज आठाच्या आकारात टेप फिरवून मोजली, ती डाव्यापेक्षा १.५ सेंमी जास्त निघाली. एक्स-रेमध्ये हाड जुळत आलेलं दिसतं, मात्र खालचा सांध्याचा पृष्ठभाग पाठीमागे सुमारे १० अंश झुकलेला राहिला आहे. एरवी तो तळहाताच्या बाजूला साधारण ११ अंश झुकलेला असतो. हा शेवटचा तपशील विद्यार्थी बहुतेक वेळा वाचून दाखवतात आणि पुढे जातात. तो थांबून समजून घेण्याचा आहे. ध्येय ठरवताना तो परत लागेल.

“आज कितवा आठवडा आहे?”

प्रश्न सोपा वाटतो, पण इथेच अनेकांचा गोंधळ होतो. आठवडे फ्रॅक्चरच्या दिवसापासून मोजायचे, की प्लास्टर निघाल्यापासून? हाडाची जुळणी फ्रॅक्चरपासून चालते, आणि सांध्याची मोकळीक बऱ्याच अंशी प्लास्टर निघाल्यापासून सुरू होते. म्हणून दोन्ही सांगा: “फ्रॅक्चरला सहा आठवडे झाले, प्लास्टर निघून तीन दिवस.” प्लेट बसवलेल्या रुग्णात हे गणित वेगळं असतं. तिथे पकड भक्कम असेल तर सर्जनच्या संमतीने पहिल्या दोन आठवड्यांतच मनगट हलवायला सुरुवात होते. तारांनी बसवलेल्या हाडात तारा निघेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे उपचार कोणता झाला हे आठवड्याच्या आकड्यासोबतच बोला.

यापाठोपाठ येतो तो प्रश्न: हाड जुळलंय हे तुला कुणी सांगितलं? “एक्स-रे पाहिला” हे अर्धं उत्तर झालं. हाडावर बोट दाबल्यावर दुखतं का, हात हलवताना फ्रॅक्चरच्या जागी वेदना होते का, आणि सर्जनने काय करायला परवानगी दिली आहे, या तीन गोष्टी एकत्र सांगायच्या. मावशींच्या बाबतीत सर्जनने स्वतः केलेल्या हालचालींना परवानगी दिली आहे, वजन उचलायला किंवा हातावर भार द्यायला नाही. म्हणून पहिल्या दिवशी पकडीची ताकद मोजलेली नाही. परीक्षक जर म्हणाला, “डायनामोमीटरचा आकडा कुठे आहे?”, तर विसरलो असं वाटू देऊ नका. पूर्ण जोर लावून मूठ आवळायला सांगणं म्हणजे ताज्या जुळलेल्या हाडावर मोठा भार टाकणं आहे, म्हणून ते मोजमाप पुढच्या एक्स-रेनंतर ठेवलं आहे, हे सरळ सांगा. आकडा का घेतला नाही हे कारणासह सांगता येणं हेही आराखड्याचाच भाग आहे.

“हे ध्येय कुणाचं?”

ध्येय विचारताना रुग्णाला “तुम्हाला काय करता यायला हवं?” असं विचारलं तर उत्तर येतं, “हात पहिल्यासारखा व्हायला हवा.” त्यावर थांबू नका. “सकाळी उठल्यापासून सांगा मावशी, कुठे कुठे हात अडतो?” असं विचारलं की खरी यादी येते. या मावशींनी तीन गोष्टी सांगितल्या: उजव्या हाताने भात खाता येत नाही आणि डाव्या हाताने चमच्याने खावं लागतं, ब्लाउज पिळता येत नाही, भाकरी थापता येत नाही. या तिन्हींना त्यांनी ० ते १० मध्ये गुण दिले, जिथे १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं. भात २, पिळणं ०, भाकरी ०. रुग्णाने स्वतः निवडलेल्या कामांना असे गुण देण्याच्या पद्धतीला पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल म्हणतात, आणि माझ्या मते अशा रुग्णात ती प्रत्येक आराखड्यात असायला हवी.

आता प्रत्येक कामाला कोणती हालचाल लागते ते शोधायचं. भाताचा घास तोंडाकडे नेताना तळहात वर वळतो, म्हणजे सुपिनेशन. पिळण्यासाठी पक्की मूठ आणि दोन्ही हात उलटसुलट वळवण्याची ताकद. भाकरीचं पीठ मळताना तळहाताच्या टाचेने जोर द्यावा लागतो, म्हणजे मनगट मागे वळलेलं आणि त्यावर भार. या साखळीमुळे ध्येयांचा क्रम आपोआप लागतो. भात आधी, कारण त्याला भार लागत नाही, पिळणं मध्ये, भाकरी शेवटी, कारण तिथे हालचाल आणि भार दोन्ही एकदम लागतात.

लिहिताना ती अशी उतरतील. दोन आठवड्यांत बोटांची टोकं तळहाताला टेकतील आणि सुपिनेशन ३५ वरून ५० अंशांवर येईल, म्हणजे एका वेळचा भात उजव्या हाताने खाता येईल. सहा आठवड्यांत एक्स्टेन्शन ४० अंशांवर आणि सुपिनेशन ६० अंशांवर. ओला रुमाल पिळता येईल. बारा आठवड्यांत पकडीची ताकद डाव्या हाताच्या किमान ६० टक्के, आणि दोन भाकऱ्या एका बैठकीत, वेदना १० पैकी ३ च्या वर न जाता. सगळे आठवडे पहिल्या तपासणीपासून मोजलेले आहेत, हेही लिहा.

यावर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: डावा हात ७० अंश मागे वळतो, मग ध्येय ४० का, आणि फ्लेक्शनचं ध्येय का दिसत नाही? उत्तर दोन भागांत आहे. रोजची बहुतेक कामं मनगट साधारण ४० अंश पुढे आणि ४० अंश मागे वळत असेल तर होतात, त्यामुळे सहा आठवड्यांचा टप्पा तिथे ठेवणं व्यवहार्य आहे. आणि हाड पाठीमागे झुकून जुळलं आहे, त्यामुळे पुढे वाकण्याची हालचाल काही प्रमाणात हाडाच्या आकारामुळेच अडणार आहे. तिथे व्यायामाने पूर्ण ७५ अंश मिळवण्याचं वचन रुग्णाला देऊ नये. फ्लेक्शनचं मोठं ध्येय न ठेवण्याचं कारण एक्स-रेमध्ये आहे, असं बोट दाखवून सांगितलं की परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याने हाड पाहिलं आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: सुपिनेशनला प्रोनेशनपेक्षा जास्त महत्त्व का दिलं? मावशींना दोन्हींत कमतरता आहे. पण तळहात खाली वळत नसेल तर माणूस कोपर बाहेर उचलून बरंचसं काम भागवतो. तळहात वर वळत नसेल तर खांद्याकडून तेवढी मदत मिळत नाही. भाताचा घास सांडतो, ओंजळीत पाणी राहत नाही. म्हणून इथे सुपिनेशन आधी.

भाकरीबद्दल एक गोष्ट पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, ती स्वयंपाकघरात उभं राहून पाहावी लागते. परात अगदी जवळ असेल तर हात सरळ वरून खाली येतो आणि तळहात सपाट टेकायला मनगट खूपच मागे वळावं लागतं. परात थोडी पुढे सरकवली की हात तिरका राहतो आणि ४०-४५ अंशांतही तळहात टेकतो. जोर कमी लागतो खरा, पण काम सुरू होतं. पूर्ण अंश मिळण्याची वाट न पाहता काम कसं बदलायचं हे आराखड्यात असेल, तर “ध्येय पूर्ण झालं नाही तर?” या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे.

“हा फरक खरा आहे का?”

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं. एक्स्टेन्शन २० वरून २५, सुपिनेशन ३५ वरून ४०, मूठ २.५ वरून १.५ सेंमी. स्लाइडवर विद्यार्थ्याने तीनही ओळींपुढे वर जाणारा बाण काढलेला असतो. परीक्षक विचारतो: गोनिओमीटरने पाच अंशांचा फरक म्हणजे सुधारणा का?

नाही. एकाच माणसाने, एकाच रुग्णाचं, एकाच दिवशी दोनदा मोजलं तरी पाचएक अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून पाच अंशांवर सुधारणा जाहीर करायची नाही. “मोजण्याच्या चुकीच्या मर्यादेत” असं लिहायचं. हे कबूल केल्याने गुण कमी होत नाहीत, पुढचा विचार सुरू होतो.

ती चूक कमी कशी ठेवायची हेही सांगता यायला हवं. तीच मोजणारी व्यक्ती, दिवसाची तीच वेळ, व्यायामाच्या आधी की नंतर हे ठरलेलं, आणि तीच बैठक. सुपिनेशन मोजताना कोपर ९० अंशांत वाकवून अंगाला चिकटलेलं हवं. मावशी नकळत कोपर पोटाकडे ओढतात किंवा कंबरेतून उजवीकडे कलतात, आणि आकडा दहा अंशांनी फुगतो. गोनिओमीटरची हलती पट्टी मनगटाच्या जरा वर, हाताच्या आतल्या सपाट बाजूवर ठेवायची. काही जण रुग्णाच्या मुठीत पेन देऊन पेनाचा कोन मोजतात. तसं केलं तर पंज्यातली हालचालही त्यात मिसळते. आणि इथे मूठच पूर्ण मिटत नाही, पेन सैल धरलेलं असतं. अशा रुग्णात तो आकडा घेऊ नये.

मूठ मिटण्याचं अंतर मात्र मला फार उपयोगी वाटतं. पट्टीने मोजता येतं, रुग्णाला स्वतःला दिसतं, आणि एक सेंटिमीटरची घट ही मावशींनाही जाणवते. सूज उतरते आहे का याचा अंदाजही त्यातून येतो. सूज आणि मूठ सुधारतात पण मनगट अडून राहतं, असं चित्र दिसलं की विचार मनगटाच्या सांध्याकडे, त्याच्या आवरणाकडे, हाडाच्या आकाराकडे किंवा व्यायामाच्या पद्धतीकडे वळतो.

मनगटासाठी पीआरडब्ल्यूई नावाची प्रश्नावली वापरली असेल, तर तिच्यावर प्रश्न येणारच. तिच्यात पंधरा प्रश्न, ० ते १०० गुण, जास्त गुण म्हणजे त्रास जास्त. अकरा-बारा गुणांपेक्षा लहान फरक रुग्णाला जाणवेलच असं नाही, म्हणून ६८ वरून ६२ ही सुधारणा म्हणून सांगू नका. त्यातल्या काही प्रश्नांत चाकूने मांस कापणं आणि बाथरूममध्ये टिश्यू वापरणं आहे. मावशींना हे प्रश्न वाचून दाखवले तर त्या अंदाजाने काहीतरी सांगतात. प्रश्नावली वापरायची असेल तर हे मर्यादेत लिहा, आणि त्यांनी निवडलेली तीन कामं सोबत ठेवा. त्या तीन कामांच्या गुणांची सरासरी साधारण दोनाने वाढली तर तो बदल खरा मानता येतो.

पकडीची ताकद पुढे मोजाल तेव्हाची बैठक पक्की लक्षात ठेवा: खुर्चीत बसलेलं, खांदा अंगाला लागून, कोपर ९० अंशांत, तळहात ना वर ना खाली, डायनामोमीटरची पकड दुसऱ्या खाचेत. तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांचा उजवा हात एरवी डाव्याहून थोडा बळकट असतो, त्यामुळे डाव्याच्या ६० टक्के म्हणजे त्यांच्या जुन्या उजव्या हाताच्या ६० टक्क्यांहून कमीच. हा बारकावा विद्यार्थ्याने आपणहून सांगितला तर बरं वाटतं.

“सुधारणा झाली नाही. आता?”

इथे घाईने “स्ट्रेचिंग वाढवू” असं उत्तर येतं. त्याआधी क्रमाने पाहायचं असतं: व्यायाम होतो आहे का, नीट होतो आहे का, आणि होत असूनही काय अडवतं आहे.

मावशींच्या व्यायामाच्या वहीत रोज पाच खुणा होत्या, एकही दिवस रिकामा नाही. तरीही हालचाल जागेवरच. “व्यायाम करता का?” या प्रश्नाला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, विशेषतः पांढरा कोट घातलेल्या मुलाला किंवा मुलीला. म्हणून प्रश्न बदलायचा. “काल सकाळपासून सांगा, पहिल्यांदा हात कधी हलवला? मग कधी?” आणि लगेच, “घरी करता तसं एकदा करून दाखवा.” या दोन गोष्टींतून या केसमध्ये चार गोष्टी समोर आल्या.

व्यायाम दिवसातून एकदाच होत होता, सकाळी गरम पाण्यात हात बुडवून. वही रात्री एकदम भरली जायची. हात उरलेला दिवस गळ्यातल्या झोळीत असायचा, आणि खांदा १४० वर का थांबला आहे याचंही उत्तर त्यातच होतं. व्यायाम करून दाखवताना मावशी बोटं सरळ ताठ करून मनगट उचलत होत्या. आणि मनात भीती होती: शेजारच्या बाईंचं हाड “परत सरकलं” होतं.

बोटांचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो परीक्षेतही येतो आणि ओपीडीतही. प्लास्टरमध्ये मनगट उचलणारे मूळ स्नायू आळसावतात. रुग्ण मग बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंनी मनगट ओढून घेतो. दिसायला हात वर येतो, पण ज्या स्नायूंना शिकवायचं ते झोपलेलेच राहतात, आणि मूठ आवळताना मनगट खाली पडतं. खरं तर वस्तू पकडताना बोटं मिटतात तेव्हा मनगट थोडं मागे वळलेलं असावं लागतं. म्हणून व्यायाम असा द्यायचा: हात टेबलाच्या कडेवर, पंजा बाहेर, हलकी मूठ, आणि मूठ मिटलेली ठेवूनच मनगट वर. नंतर मूठ सोडून मनगट खाली. मावशींना सांगताना स्नायूंची नावं नकोत. “मूठ सोडू नका, मुठीसकट हात वर करा” एवढं पुरतं. मग त्यांनाच सुनेला समजावून सांगायला लावा. त्यांनी जे सांगितलं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोहोचलं आहे, असं समजा.

आता सातत्याचा आराखडा. पहिल्या भेटीत नऊ व्यायामांचा कागद दिला होता. तो काढून तीनच ठेवले: मुठीसकट मनगट वर, कोपर अंगाला चिकटवून तळहात वर-खाली, आणि दोन्ही हात धरून खांदा वर. प्रत्येकी दहा वेळा, शेवटी पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं. वेळ घड्याळावर न ठेवता घरातल्या ठरलेल्या गोष्टींना बांधली: सकाळचा चहा झाल्यावर, अंघोळीनंतर, नातू शाळेतून आल्यावर, रात्री मालिका लागते तेव्हा. नातवाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज मुठीचं अंतर लिहायचं, पट्टीने मोजून. खुणेपेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण तो मोजायला हात हलवावाच लागतो. झोळी घरात बंद. गर्दीत किंवा एसटीने येताना स्प्लिंट लावायची, आणि तीही हळूहळू कमी करायची.

भीतीबद्दल “घाबरू नका” म्हणून उपयोग नाही. एक्स-रे उजेडात धरून जुळलेली जागा दाखवली, आणि दुखण्याचा नियम दिला: व्यायाम करताना ४ पर्यंत दुखलं तर चालेल, तासाभरात ते पूर्वीसारखं व्हायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नको. यातलं काही मोडलं तर पुढच्या वेळी निम्मं करायचं, पूर्ण बंद नाही. शेवटी एक प्रश्न: “मावशी, हे आठवडाभर जमेल याची दहापैकी किती खात्री?” उत्तर पाच आलं. सातच्या खाली आलं तर आराखडा जड आहे असं समजून तो हलका करायचा. त्यांना दुपारची वेळ जमत नव्हती, ती काढली. मग आठ म्हणाल्या.

मालीशचा विषयही काढा. गावाकडे आणि शहरातही, प्लास्टर निघालं की जोराने चोळून सांधा “मोकळा” करणारे लोक असतात. सुजलेल्या, दुखऱ्या सांध्याला जबरदस्तीने वाकवल्याने सूज आणि वेदना वाढतात आणि रुग्ण हात हलवणंच टाळतो. “तिकडे जाता का?” असं रागाने विचारलं तर नाहीच म्हणतील. “तेल लावता का, कोण लावतं, किती जोराने?” असं विचारा. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. सांधा दुसऱ्याने ओढून वाकवू नये, हे सांगा.

दोन आठवड्यांनी, म्हणजे पाचव्या आठवड्याच्या शेवटी, आकडे असे: एक्स्टेन्शन ४०, सुपिनेशन ५५, मूठ पूर्ण, भात ८. हा फरक मोजणीच्या चुकीपलीकडचा आहे. दोन आठवड्यांचं मुठीचं ध्येय पाचव्या आठवड्यात गाठलं, हेही स्लाइडवर लपवू नका. उशीर का झाला ते आता तुम्हाला माहीत आहे. आणि जर व्यायाम नीट होऊनही आकडा हलला नसता, तर? तर सांधा शेवटपर्यंत नेऊन हाताला काय जाणवतं ते पाहायचं. चिवट, ताणल्यासारखं लागलं तर सर्जनच्या संमतीने जास्त वेळ, कमी जोराचा ताण. एकदम कडक, हाडावर हाड लागल्यासारखं थांबलं तर जोर लावायचा नाही, नवा एक्स-रे आणि सर्जनचं मत.

भार देण्याची पायरी मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. पुढच्या एक्स-रेनंतर परवानगी मिळाली की काटा टेबलावर ठेवून त्यावर तळहात दाबायचा. आधी ३ किलो, ते दोन दिवस वर सांगितलेल्या दुखण्याच्या नियमात बसलं की ५, मग ८. मळण्याआधी हे जमायला हवं.

“फिजिओथेरपी थांबवून सर्जनकडे परत कधी पाठवशील?”

याचं उत्तर पाठ नको, मावशींच्या हातावर दाखवता यायला हवं. अंगठा: तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर अंगठा उचलणारी लांब शीर, म्हणजे टेंडन, तुटली असण्याची शक्यता आहे. हे फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी होतं, आणि हाड फारसं न सरकलेल्या रुग्णांतही होतं, त्यामुळे “फ्रॅक्चर साधं होतं” म्हणून ही चाचणी सोडायची नाही. मुंग्या: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असतील तर मीडियन नर्व्हवर दाब आहे का ते पाहायला पाठवा.

आणि सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. दुखणं इजेच्या मानाने फार जास्त, स्पर्शही सहन होत नाही, हाताचा रंग किंवा तापमान दुसऱ्याहून वेगळं, घाम किंवा सूज वेगळी, त्वचा-नखांत बदल, हात ताठ. बुडापेस्ट निकषांत ही लक्षणं चार गटांत विभागली आहेत: संवेदना, रंग आणि तापमान, घाम आणि सूज, हालचाल आणि त्वचा-नखं. चारपैकी तीन गटांत रुग्णाची तक्रार आणि किमान दोन गटांत तपासणीत दिसणारी खूण हवी, आणि दुसरं कारण नसावं. परीक्षक इथे मुद्दाम विचारतो की पहिल्या दिवशी यांतलं काय नोंदवलं. म्हणून दोन्ही हातांचा रंग आणि ऊब पहिल्याच तपासणीत लिहून ठेवा. नंतर तुलना करायला दुसरं काही नसतं.

शेवटी एक प्रश्न विद्यार्थ्यांना अनपेक्षित वाटतो, पण मी तो विचारतेच: ५८ वर्षांची बाई उभ्याने घसरून पडली आणि हाड मोडलं, तर आराखड्यात हाडांबद्दल काय आहे? एवढ्याशा पडण्याने मोडलेलं मनगट हाडांचा ठिसूळपणा सांगत असू शकतं. हाडांची घनता तपासायची का, हे सर्जनला विचारून चिठ्ठीत लिहा. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, ते पहा. मोरीत पट्ट्यांची चटई आणि धरायला दांडी लावली का, ते पुढच्या भेटीत मुलाला विचारा.